मोकळ्या जागेवरचं नाव

भुताखेताचा विषय निघाला की मी तिथून उठून चहा ठेवायला जाणारी बाई. असलं काही नसतं, हे माझं ठाम मत होतं... आजही बऱ्यापैकी आहे. तरी हे सांगतेय. पटलं तर घ्या.

दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मी पुण्याहून नेसत्या कपड्यांनिशी कोल्हापुरात आले, ती थेट वैशीच्या घरी. वैशी माझी कॉलेजची मैत्रीण. तिची आई, आमच्या काकी, मनगटावर मेलेल्या नवऱ्याचं मोठं घड्याळ बांधायच्या. मला दारात बघून एवढंच म्हणाल्या, "जेवलीस का?"

माझा नवरा मला शोधत होता. "सापडली की सोडत नाही," असं माझ्या बहिणीला फोनवर सांगायचा.

त्याच सुमारास सगळ्यांना फोटो टाकायच्या साइटचं वेड लागलेलं. बहिणीशी बोलता यावं म्हणून माझंही खातं होतं. मी त्याला ब्लॉक केलेलं, प्रोफाइल कुलूपबंद. पण मैत्रिणींचे अल्बम सगळ्यांना उघडे! म्हणून रंकाळा तलावावर एका रविवारी भेळ खाताना मी हात जोडले — "माझा फोटो टाकू नका. नावाचा टॅग नको. जागेचं नाव तर नकोच, आपण दर रविवारी इथंच असतो."

"आगं बया! हिरॉईन लागून गेलीस काय?" वैशी खिदळली.

काकी कठड्याला टेकून बसल्या होत्या. तिथूनच कडाडल्या, "पोरगी न्हाय म्हणती न्हवं? मग न्हाय! का म्हणून इचारायचंबी न्हाय."

विषय संपला. तेव्हापासून फोटो काढायची वेळ आली की कॅमेरा माझ्या हातात. काकी होत्या तोवर कुणाची हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी काकी गेल्या. मी माझ्या आईला रडले नसेन तेवढी रडले.

त्यानंतर काही महिन्यांनी मला ईमेल आला — वैशालीने तुम्हाला फोटोत टॅग केलं आहे. नेटकॅफेतच बसले होते, लगेच फोटो उघडला. फोटोत वैशी आणि दोघी मैत्रिणी, मी अर्थातच नाही. पण कठड्याजवळच्या मोकळ्या जागेवर माउसचा बाण नेला की माझं नाव उमटत होतं! खाली ओळ : 'रंकाळा, कोल्हापूर. दर रविवारची भेळ.' अल्बम सगळ्या जगाला खुला.

मी टॅग काढला. पण टॅग काढला की फक्त माझ्या खात्याशी असलेला धागा तुटतो. फोटो तसाच राहतो, खालची ओळही. ती फक्त अल्बमवालीच काढू शकते. वैशीला फोन लावला.

"अगं, तू आमच्यातच असतीस की! कॅमेऱ्यामागं ऱ्हातीस म्हणून काय परकी हाईस?" ती रडकुंडीला आली. "मायेनं टाकलं ग..."

"मायेनं टाकलंस, पण विचारलं नाहीस. आत्ता काढ."

तिनं अख्खा अल्बम उडवला. पण मी ईमेल बघेपर्यंत दोन दिवस तो उघडाच होता. त्या रविवारी आम्ही घराबाहेर पडलोच नाही. वैशी दाराला कडी लावून माझा हात धरून बसली होती.

पुढच्या आठवड्यात वैशी एकटीच भेळवाल्याकडं गेली. गाडीवाला नवा होता, काकींना त्यानं कधी बघितलेलं नाही. तो आपण होऊन म्हणाला, "ताई, रविवारी तुमचा फोटो छापून घेऊन एक पावणा आल्ता. तुमची मैत्रीण कुठं ऱ्हाती म्हणून माझ्यावर वराडाय लागला. तेवढ्यात कठड्यावरची एक म्हातारी उठली. म्हणाली, 'पावणं, ती गेली दुबईला नोकरीला. हितं कोण न्हाय तुमचं.' तरी ह्यो ऐकंना. मग असली कडाडली — 'न्हाय म्हटल्यालं कळत न्हाय व्हय?' — गडी मान खाली घालून गेला बघा."

"कसली म्हातारी?"

"हातात बाप्याचं मोठं घड्याळ हुतं की."

वैशी भेळ न घेताच धावत घरी आली आणि मला सगळं सांगितलं.

म्हातारी कुठून आली, कुठं गेली, त्याला सांगता आलं नाही. पण बहिणीचा फोन आला : तो गावभर सांगत होता, बायको दुबईला पळाली. शोधणं थांबलं. पुढे रीतसर घटस्फोटही झाला.

असेल कुणी दुसरी म्हातारी. घड्याळ काय, कुणीही घालतं. मी स्वतःला हे कितीदा तरी समजावलंय. पण दुबई तिला कशी सुचली, आणि ती आमच्यातल्या कुणाला कशी ओळखत होती?

एकदा मी वैशीला विचारलं, "तेवढ्या फोटोत नेमकी तीच जागा कशी निवडलीस?"

"निवडली कुठं? आई तिथंच बसायची न्हवं... मोकळी बघवंना, म्हणून तुझं नाव टाकलो."

आता मीही फोटोत असते. कठड्याजवळची जागा मात्र आम्ही अजून मोकळी सोडतो. परवा वैशीच्या लेकीनं मोबाइल पुढं केला, "इथं आजीचं नाव टाकू?"

वैशी आणि मी एकदमच ओरडलो, "तिला विचारल्याशिवाय न्हाय!"