शिवायचं न्हाय

उपकेंद्रात प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर असतं. लसीकरणाचं वेगळं, गरोदर मातांचं वेगळं, गोळ्यांचं वेगळं. पाळीवरून घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी झालेल्या वादांचं मात्र रजिस्टर नाही. महामार्गावरच्या पडघ्यापासून आत, भातशेती आणि गोडाऊन यांच्या मधल्या एका गावात मी बारा वर्षं नर्स आहे. वाद एवढे साठलेत की चहाला कोणी बसलं की एखादा आपोआप बाहेर पडतो.

पहिला माझ्याच घरातला. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच पाळीला सासूबाईंनी चार दिवस ओटीवर चटई टाकून दिली. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही. दुसऱ्याच दिवशी उपकेंद्रात एक बाळंतपण आलं. मी गेले, बाळंतीण सुखरूप सुटली आणि बाळाच्या आजीने घरी येऊन माझ्या हातात पेढे ठेवले.

सासूबाईंनी ते पाहिलं. रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी विचारलं, "काल तू अडचणीत होतीस ना? मंग पोराला हात कसा लावलास?"

"हातमोजे घालून, आई. मोजे जंतूंसाठी असतात. पाळी असो-नसो, आम्ही घालतोच."

सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मंग एक जोडी घरी पन आन. भाकऱ्या कोन थापनार?"

*

बायजाआजींचं म्हणणं होतं, पाळीतल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं. सत्तरीच्या आजी, गावात त्यांच्या लोणच्याचं नाव.

मी सांगितलं, "आजी, पाळीत हातातून काहीही निघत नाही. रक्त येतं ते गर्भाशयातून. लोणचं नासतं ओलाव्याने. बरणी ओली राहिली, तेल कमी पडलं की बुरशी धरते."

"तुमाला काय म्हाईत? मी पन्नास वर्सं घालतेय."

म्हटलं, करून बघू. एकाच कैरीचं, एकाच मसाल्याचं लोणचं दोन बरण्यांत भरायचं. एक आजींनी, एक त्यांच्या सुनेने, तीही पाळीच्या दुसऱ्या दिवशी. सुनेने बरणी उन्हात वाळवली, कैरी बुडेल एवढं तेल ओतलं. आजींनी पन्नास वर्षांच्या भरवशावर बरणी नुसती पुसली.

महिन्याने झाकणं उघडली. सुनेची बरणी चांगली, आजींच्या बरणीत वर पांढरी बुरशी. एका बरणीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगायला गेले, पण आजी ऐकत नव्हत्या. त्या बरणीकडे बघत होत्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सिस्टर, मना परत चालू झालं का काय? तपासा जरा."

*

मंदिराच्या कमिटीतले तात्या एकदा बीपी मोजायला आले. भिंतीवर मी गर्भाशयाचं चित्र लावलेलं. ते बघून म्हणाले, "ही घान अंगातून भायेर पडते म्हनून बाईनं देवळात येऊ न्हाय. नियम काय उगाच न्हायत."

त्यांच्या दंडाला पट्टा बांधलेला होता, त्यामुळे उठून जाता येणार नव्हतं. मी संधी घेतली.

"तात्या, घाण नाही ती. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होतं, गादीसारखं. गर्भ राहिला तर त्याने त्यातच रुजावं म्हणून. नाही राहिला, तर हार्मोन कमी होतात, गादी सुटते आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येते. रक्त तेच, जे तुमच्या या दंडात आहे. विष नाही, अंगातली घाणही नाही. घाण काढायला मूत्रपिंडं आणि यकृत आहेत."

"आनि गर्भ राहिला तर?"

"तर त्याच गादीत बाळ रुजतं. तुम्हीपण अशाच गादीत रुजला होतात."

मी बीपी मोजलं. मागच्या वेळेपेक्षा दहाने वाढलं होतं. उठताना तात्या म्हणाले, "हे कमिटीत बोलू नका. आमी पाचही जन बाद होऊ."

*

विरोध म्हाताऱ्यांचाच असतो असं मला वाटायचं. मग गावातली आशा सेविका प्रमिला आणि मी एका मोठ्या घरात गेलो. तीन सुना, वीस माणसांचा स्वयंपाक. मी तासभर समजावल्यावर तिथल्या सासूबाई चक्क म्हणाल्या, "पटलं. उद्यापासून चुलीशी यायला हरकत न्हाय."

मी खूश. परत निघालो तर मधली सून गोठ्याच्या मागून धावत आली.

"सिस्टर, तुमाला कोनी सांगितलं होतं? महिन्यातनं चारच दिवस पाठ टेकत होतो आमी."

मी रस्त्यात उभी राहिले. प्रमिलाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग दोघी परत गेलो आणि सासूबाईंना सांगितलं की विटाळ नसतो, पण दुखणं खरं असतं. अस्तर बाहेर टाकायला गर्भाशय आकुंचन पावतं, त्यानेच ओटीपोटात कळा येतात. जिला दुखेल तिने पडावं, जिला नाही दुखत तिने काम करावं.

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे सुट्टी हायच."

"गरज असेल तर हो."

"मंग मागची चाळीस वर्सं माजे गुडघे दुखतायत, त्येची सुट्टी कुठं लिवायची?"

*

आणि एक पार्वतीआजींचा.

गावाच्या टोकाला त्यांचं घर. मुलगा-सून दोघं गोडाऊनमध्ये ड्युटीला, घरी आजी आणि नववीतली नात वैशाली. आजींना साखरेचा त्रास, रोज इन्सुलिन. वैशालीला पाळी सुरू झाल्यापासून मी तीनदा जाऊन बोलले होते. आजी भांडायच्या नाहीत. सगळं ऐकायच्या, चित्र नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं बराबर असंल. पन चूल माजी, देव माजे." देव्हारा स्वयंपाकघरातच होता, भिंतीतल्या फळीवर.

एका दुपारी वैशालीचा फोन आला. आवाज बारीक झालेला. "सिस्टर, आजी घामानं भिजलीय. हात थरथरतायत. काहीतरीच बोलतेय."

"इन्सुलिन घेतलं?"

"व्हय. जेवली न्हाय. मी वाढू शकत न्हाय म्हनून आई आल्यावर जेवते म्हनाली."

"शुद्धीत आहे ना? गिळता येतंय?"

"व्हय."

"साखर उतरलीय तिची. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाज. लगेच."

"साखर आत हाय."

"मग?"

"मी भायेर हाय."

मी तोवर चप्पल घालून पळायला लागले होते. "वैशाली, तुझ्या हाताने काहीही बाटत नाही. आत जा. मी सांगतेय."

फोनवर भांडी पडल्याचा मोठा आवाज आला. नंतर काहीच ऐकू येईना.

मी पोचले तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. वैशाली त्यांच्या तोंडाला पेला लावून होती, एका हाताने आजींची मान धरलेली. पंधरा मिनिटांनी मी बोट टोचून साखर मोजली, वर आली होती. "आता आजीला पोटभर जेवायला दे," मी वैशालीला म्हणाले.

आजींनी आत बघितलं. साखरेचा डबा देव्हाऱ्याच्या फळीवरच असायचा. घाईत ओढताना अख्खी फळी निसटली होती. साखर, कुंकू, तांदूळ सगळं एक झालेलं आणि देव जमिनीवर पालथे पडलेले. वैशालीने ते आत्ता नीट पाहिलं आणि ती रडायलाच लागली. दारापर्यंत मागे सरकली.

आजींनी पदराने तोंड पुसलं.

"रडतेस काय? माज्यानं उठवत न्हाय. देव उचल आनि पुसून ठेव. मंग मला भात वाढ."