लाल पट्टी

मानपाड्याच्या त्या हॉस्पिटलात अपघात विभागाच्या दारातच जागृती भोईरचं काउंटर होतं. बाई बोलायला फटकळ आणि हाताला चलाख. तिच्याकडे दोन मराठी होत्या. एक काउंटरवरची, "आपण जरा बसून घ्या" वाली, इस्त्री केलेली. दुसरी घरची, आगरी, जी ती डबा खातानाही तोंडातून बाहेर पडू द्यायची नाही. साडीवरचा ब्लेझर आणि ही मराठी एकमेकांना शोभत नाहीत, असं तिचं आपलं ठाम मत होतं.

तिच्या शेजारी ट्रायाजच्या टेबलावर सिस्टर शीबा बसायची. आलेल्या पेशंटला चार प्रश्न विचारायचे, नाडी-बीपी बघायचं आणि मनगटावर रंगाची पट्टी बांधायची, हे तिचं काम. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता आत. पिवळी म्हणजे आजार गंभीर, पण नजरेखाली थोडं थांबता येईल. हिरवी म्हणजे निवांत बसा, आधी इतरांना जाऊ द्या. शीबा केरळची. कामाला वाघीण, पण तिची हिंदी ऐकून इथल्या म्हाताऱ्या नुसत्या मान डोलवत. मग जागृतीला खुर्चीतून उठावं लागे. पगार रिसेप्शनचा आणि काम दुभाष्याचं, असं ती कुरकुरायची आणि तरी दर वेळी उठायची.

त्या दुपारी रिक्षातून धाकू म्हात्रेंना उतरवलं ते दोघांनी धरूनच. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात लोंबणारा. बरोबर मुलगा देवेश आणि बायको कमळाबाई. खोणीच्या पलीकडच्या गावातली ही माणसं. देवेशने काउंटरवर हात आपटला आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाबा सकाळपासून असेच आहेत. सहा वाजल्यापासून. लवकर घ्या आत."

शीबा एव्हाना स्ट्रेचरजवळ पोचली होती. हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, नाव सांगा. जागृती एकेक गोष्ट मराठीत सांगत गेली. हसू अर्धंच उमटलं, उजवा हात वर जाता जाता पडला, नावाच्या जागी नुसता घुर्र आवाज आला. शीबाने बोट टोचून साखर पाहिली, ती ठीक निघाली. तिने लाल पट्टी बांधली, डॉक्टरांना हाक मारली आणि जागृतीला म्हणाली, नीट विचार, यांना शेवटचं धडधाकट कोणी आणि कधी पाहिलं?

जागृतीने विचारलं. देवेशने पुन्हा तेच सांगितलं. सकाळी सहा.

शीबाचा चेहरा उतरला. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यायचं. उशिरा दिलं तर फायद्यापेक्षा मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती जास्त. आता तीन वाजत आले होते. सहा खरं असेल तर त्या इंजेक्शनची वेळ केव्हाच टळली होती.

इथे जागृतीच्या मनात काहीतरी खटकलं. सहा वाजता आजारी पडलेल्या माणसाच्या सदऱ्यावर कालवणाचा ताजा डाग कुठून येईल? आणि दुसरं म्हणजे, तिला ही तऱ्हा घरची माहीत होती. तिची आई दवाखान्यात गेली की दोन दिवसांचा ताप हमखास आठवड्याचा व्हायचा. वाढवून सांगितल्याशिवाय रांगेत कोणी विचारत नाही, हे आमच्याकडे पोरं पाळण्यातच शिकतात. देवेश खोटारडा नव्हता. तो घाबरलेला होता आणि बापासाठी रांगेत पुढे घुसत होता.

पण चारचौघांत "खोटं बोलताय" म्हटलं असतं तर तो सहावरून हलला नसता. आणि इंजेक्शनची गोष्ट आधी सांगून मग वेळ विचारावी, तर तो हवी तीच वेळ सांगून मोकळा झाला असता. तेही तितकंच घातक. तेवढ्यात त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं आणि तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, लाल का बांधली? म्हणजे... संपलं का?"

जागृतीला सूर सापडला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. लाल म्हणजे संपलं नाही, तिने सांगितलं, लाल म्हणजे यांच्या आधी आता कोणी नाही. ते पिवळ्या पट्टीवाले काका थांबतील, पाय मुरगळलेली ती हिरवीवाली मुलगी तर तासभर थांबेल. तुमचा नंबर लागलेला आहे, आता काही सांगितलंत तरी तो मागे जाणार नाही.

मग ती कमळाबाईंकडे वळली. म्हातारी पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. मुलगा बोलत असताना मध्ये बोलायची तिला सवय नव्हती. जागृतीने ब्लेझरची लाज गुंडाळून ठेवली.

"आये, आज कालवन कशाचा केलेला?"

कमळाबाईंनी दचकून वर पाहिलं. हॉस्पिटलात कोणी आपल्या बोलीत विचारेल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "बोंबलाचा," त्या म्हणाल्या.

"बाबा जेवला?"

"जेवला ना. दोनदा भात घेतला. मंग पानी पेताना तांब्या सुटला हातातना, नि तोंड वाकरा झाला. नातीची शालेची गारी तवाच दारात आयलेली."

जागृतीने देवेशकडे नुसतं पाहिलं. त्याने मान खाली घातली. सान्वीची गाडी दीडला येते, तो म्हणाला. "सकाळपासून मीच बोललो. नाय बोललो तर बसवून ठेवतात ना. सकाळी तर बाबा स्वतः बाजारात गेलेले."

शीबाने दीड हा आकडा कागदावर टिपला आणि फोन उचलला. डॉक्टरांनी पुन्हा आईला आणि मुलाला वेगवेगळं विचारून तोच आकडा पडताळला. रक्त पातळ करायची गोळी घेतात का, डोक्याला मार, हल्ली एखादं ऑपरेशन, हेही जागृतीने विचारून दिलं. काहीच नव्हतं. स्ट्रेचर मेंदूच्या सीटी स्कॅनकडे धावलं. रक्तस्राव नव्हता. देवेशची सही झाली आणि इंजेक्शन सुरू झालं. जागृती बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आली. ती रडली होती हे तिने कोणालाच सांगितलं नाही.

महिन्याभराने तिघे पुन्हा काउंटरवर उभे. धाकूंच्या हातात काठी, बोलणं अजून जड, पण चालत आले होते स्वतःच्या पायांनी. तपासणीला आले होते आणि सवयीने अपघात विभागाच्या दारात शिरले होते. देवेशने पाकिटातून ती लाल पट्टी काढून दाखवली. घरी देव्हाऱ्यात ठेवली होती म्हणे. कमळाबाईंनी विचारलं, "आज याला कंचा रंग?"

"आज रंग नाय, आये," जागृती सगळ्यांदेखत म्हणाली. "बाजूला ओपीडीत नंबर लावा. गर्दी हाय, दोन तास बसवतील."

देवेशने तोंड उघडलं आणि मिटलं. कमळाबाईंनी नवऱ्याला हाताला धरून बाकाकडे नेलं, शेजारी बसून पदर सारखा केला.

"बसवू दे," त्या म्हणाल्या. "आज बसू आमी."