रात्रपाळीच्या मामांसाठी लिहिलेलं पान

आमच्या साखर कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत बारा महिने थंडी असे. बाहेर आष्ट्याच्या रस्त्यावर ऊन नुसतं भाजत असायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. मशीनची ती संथ घरघर अजूनही दुपारी डोळा लागला की ऐकू येते. मग क्षणभर कळत नाही, मी कुठल्या सालात आहे ते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सगळ्या सभासदांची ऊसनोंद एका चकतीवर, म्हणजे डिस्कवर, होती आणि तिची नक्कल टेपवर. चकती बिघडली तर टेपवरून नोंद परत आणायची, हे काम माझं. पण बायकांना रात्रपाळी नाही, आणि चकत्या काही माझी पाळी बघून बिघडत नाहीत. रात्री असायचे मामा. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, मराठी सातवी. त्यांच्यासाठी मी एक पान लिहिलं.

चारदा लिहिलं. पहिल्यांदा इतकं पुस्तकी झालं की माझं मलाच हसू आलं. शेवटी मामांना भर दुपारी मशीनपुढे उभं केलं, पान हातात दिलं आणि मी तोंड मिटून कोपऱ्यात बसले. ते जिथे अडले तिथे मी ओळ बदलली. नवी चकती बसवा. सर्वांत अलीकडच्या तारखेची टेप घ्या. तिच्या पाठीमागच्या खाचेत पिवळं कडं नाही ना, बघा, कारण कडं असेल तर मशीन टेपवर लिहू शकतं आणि जुनं पुसलं जातं. टेपवरून चकतीवर नोंद परत आणायचा, हिरव्या पट्टीचा कार्डांचा गठ्ठा मशीनमध्ये घाला. शेवटी छापून येणारा सभासदांचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. आणि सगळ्यांत खाली: पानावर लिहिलंय तसं समोर दिसलं नाही, तर थांबा. मी सातला येते.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. टेपा, कडी, कार्डांचे गठ्ठे, सगळं पाटावर मांडलं. झेंडूच्या वासाने ती थंड खोली माजघरासारखी वाटायला लागली. संध्याकाळी आवरताना मी घाईत होते, घरी पाहुणे यायचे होते. रिकाम्या खाचा ओक्याबोक्या दिसत होत्या, म्हणून हसत हसत प्रत्येक टेपला एकेक कडं घालून टाकलं. बांगड्या भराव्यात तसं! अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

दसऱ्याच्या रात्री चकती गेली. सकाळी हंगामातली पहिली तोडणीची यादी निघायची होती. मी सातला आले तेव्हा मामा स्टुलावर ताठ बसलेले, मांडीवर पान. नवी चकती बसवलेली, टेप हातात, खाचेत कडं. रात्री दोनपासून ते तसेच बसून होते. यादी नव्हती. बाहेर तोडणीच्या टोळ्या आणि बैलगाड्या खोळंबल्या होत्या आणि कारखान्याचे साहेब संतापले होते. एवढंसं कडं काढायला काय झालं होतं, असं विचारून त्यांनी मामांना घरी बसवायचं ठरवूनही टाकलं.

मी गठ्ठा उघडून पाहिला. हिरव्या पट्टीच्या आत उलट, चकतीची टेपवर नक्कल करायची कार्डं होती. पूजेनंतर गठ्ठ्यांना पट्ट्याही मीच बांधल्या होत्या, त्यांची अदलाबदल झाली होती. मामांनी कडं तसंच ठेवून तो गठ्ठा घातला असता, तर कोऱ्या चकतीची नक्कल टेपवर उतरली असती; त्याआधीची टेप आठवडाभर जुनी होती, म्हणजे शेवटच्या आठवड्यातल्या सगळ्या नोंदी गेल्या असत्या. ज्यांनी त्या आठवड्यात ऊस नोंदवला, त्यांचं नाव कुठेच उरलं नसतं.

मी कडं काढलं, योग्य गठ्ठा घातला. प्रिंटर खडखडला, आकडा वहीशी जुळला. मग साहेबांपुढे जाऊन म्हणाले, “कडी मी घातली. पट्ट्यांची अदलाबदलही माझ्याच हातून झाली. मामा थांबले म्हणून नोंद वाचली.”  मामांना काही करणार नाही, एवढंच साहेब बोलले. मला मात्र लेखी ताकीद मिळाली, आणि मिळायलाच हवी होती.

बाहेर व्हरांड्यात मामा चप्पल घालत होते. रात्रभराच्या जागरणाने डोळे लाल. मी माफी मागायला गेले, तर तेच हळू आवाजात म्हणाले, “बाई, कशाला सांगितलंसा? माझं काय, गावाकडं शेती हाय. तुमी कडी घालताना म्या बघितलं हुतं की.”

सकाळपासून साहेब त्यांना नको ते बोलत होते, आणि या माणसाने माझं नाव घेतलं नव्हतं. मला रडू आवरेना. मामा क्षणभर अवघडून उभे राहिले, मग सायकल काढून गेले.

मी आत येऊन पान पुन्हा लिहायला घेतलं. कडं दिसलं तर काय करायचं, ते लिहिलं. ‘थांबा’ ही ओळ काढून टाक, असं साहेबांनी दोनदा सांगितलं. मी ती काढली नाही.