शुक्रवारचा कान

भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. आठवड्यातल्या त्या एका दिवशी आमच्या शेलार गावातल्या घरात पंख्याची घरघर ऐकू येते, आणि त्याच दिवशी लूमवर काम करणाऱ्या माणसांना आपले कान वाजतात हेही कळतं. कान रोजच वाजत असतात, पण बाकीचे सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटात ते कुणाच्या लक्षात येत नाही. ‘शुक्रवारचा कान हाय’ असं म्हणून सगळे हसतात. शनिवारी शिफ्ट सुरू झाली की तक्रारही संपते. या कानासाठी डॉक्टरकडे गेलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच, त्यामुळे घरी माझ्या शब्दाला थोडी किंमत आहे आणि तिची मला भीती वाटते. चुकीचं बोलले तर दुरुस्त करणारं कुणी नाही. दुपारपर्यंत कॉलेज करून संध्याकाळी मी निजामपुऱ्यात आमच्या फॅमिली डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात नंबर द्यायला बसते. मॅडम तिथल्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. अर्धी गल्ली त्यांच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली.

या दवाखान्यात कान भरपूर येतात. आवाज नको म्हणून लूमवरची माणसं कानात सुताचा बोळा कोंबतात, वर तेल सोडतात, मग आत बुरशी धरते आणि खाज सुटते. कुणी काडीने कान कोरतं, कुणाचा मळ आंघोळीच्या पाण्याने फुगतो, लहान मुलांचे कान सर्दीने गच्च होतात. हे सगळे बाकावर बसू शकतात, उद्याही येऊ शकतात. मात्र मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “काही कान माझ्यासाठी थांबवायचे नाहीत. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवायचे. मी खुर्चीवर बसलेली असले तरीसुद्धा.”

एकदा एका बाईंच्या कडेवर तापाने फणफणलेला मुलगा होता. त्याच्या कानामागे सूज होती आणि कान पुढे ढकलल्यासारखा दिसत होता. मॅडमनी त्याला बाकावर टेकूसुद्धा दिलं नाही. एका म्हाताऱ्या मधुमेही चाचांचा कान इतका ठणकत होता की त्यांना झोप नव्हती, त्यांनाही तसंच लगेच पाठवलं. आणि एका तरुणाला त्यांनी तोंड मिटून ‘हं’ असा लांब सूर काढायला लावला. “कुठल्या कानात घुमतं?” त्याने बंद कानावर बोट ठेवलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, “मळ आहे. बस तिकडे.” तो गेल्यावर त्यांनी मला समजावलं. रस्ता मळाने बंद असेल तर सूर त्याच कानात जास्त घुमतो. कान आतून, नसेच्या बाजूने गेला असेल तर सूर चांगल्या कानात ऐकू येतो. “आणि सूर कळो न कळो, एक कान एका दिवसात गेला असेल तर वाट बघायची नाही. पहिले काही दिवसच औषधाचे असतात. नंतर नुसती हळहळ.”

मी ऐकून घेतलं होतं. पण मी नंबर देणारी. ते ज्ञान मॅडमचं आहे, माझं नाही, असंच मला वाटायचं.

त्या शुक्रवारी मॅडम लग्नासाठी रत्नागिरीकडे गेल्या होत्या. सोमवारी येणार होत्या. दाराला पाटी मीच लावली होती.

सकाळी बाबा ओट्यावर बसून दिघाशी गावच्या आत्याशी फोनवर बोलत होते. मध्येच त्यांनी मोबाइल मांडीवर दोनदा आपटला.

“आवाजच येत न्हाय यातून. बिघडला वाटतं.”

मग त्यांनी तो डाव्या कानाला लावला आणि बोलणं सुरळीत चालू झालं. मी भांडी घासत होते. माझा हात थांबला.

फोन झाल्यावर विचारलं, “बाबा, उजव्या कानाला काय झालंय?”

“कायच न्हाय. दडा बसलाय सकाळपासून. सूं सूं चाललंय. शुक्रवार हाय ना.”

“काल होता का?”

“काल ड्युटीवरून आलो तवा बरा होता. तुझी आय ओरडली ते दोन्ही कानांनी ऐकलं.”

आई आतून म्हणाली, “ऐकलं ते एकाही कानाने न्हाय.”

सगळे हसले. मीही हसले, पण मनात जुळवत होते. लूमचा कान दोन्हीकडून जातो आणि वर्षानुवर्षे हळूहळू जातो. हा एकच होता, आणि एका रात्रीत गेला होता.

मी हात पुसून त्यांच्यापुढे बसले. “बाबा, तोंड मिटून हं म्हणा. लांब.”

“आता काय भजन करू?”

“म्हणा ना.”

त्यांनी डोळे मिटून ‘हं’ केलं. मी विचारलं, “कुठल्या कानात घुमतंय?”

त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. चांगल्या कानावर.

मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा डावाच. मॅडमना फोन लावला तर लागेना. शेजारचे मुकादमचाचा चहाला आले होते. बाबा आणि ते एकाच कारखान्यात काम करतात. ते मला म्हणाले, “अगं बेटी, लूमवाल्याचा कान आहे. लसणाचं तेल गरम करून टाक. मेरा तो बीस साल से बज रहा है.”

“चाचा, तुमचा एका रात्रीत गेला होता का?”

“नाही. वो तो धीरे धीरे.”

“मग हा वेगळा आहे. आणि तेल नको. काहीच टाकायचं नाही.”

माझा आवाज इतका मोठा निघाला की मलाच लाज वाटली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “सोमवारी तुझी मॅडम येतेय ना? तूच पाटी लावलीस. सोमवारी जाऊ.”

हेच तर मी रोज लोकांना सांगते. सोमवारी या. मला क्षणभर वाटलं, बाबा बरोबर असतील. मी कोण? मराठी आणि इतिहास शिकणारी मुलगी. जाऊन मळ निघाला तर मुकादमचाचा महिनाभर चिडवतील, बाबांची सुट्टी वाया जाईल. पण मळ निघाला तर एवढंच होईल. आणि मळ नसेल तर सोमवारपर्यंत आणखी तीन दिवस जातील.

“मळ असला तर मला हसा,” मी म्हणाले. “पण आज जायचं. आत्ता.”

आईने बाबांचा धुतलेला शर्ट आणून त्यांच्या मांडीवर टाकला. त्यावर बाबांचं काही चाललं नाही.

रिक्षातून उतरताना बाबांनी दांडा धरला. जमीन हलल्यासारखी वाटली म्हणाले. माझी उरलीसुरली शंका तिथेच गेली.

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात बाक भरलेले होते. काउंटरवर एक ताई होत्या. मी म्हणाले, “बाबांचा कान दाखवायचाय.”

“दुखतोय? पू, रक्त येतंय?”

“नाही.”

“मग उद्या संध्याकाळचा नंबर देते.”

मी हाच प्रश्न रोज विचारते आणि हेच उत्तर देते. त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. उलट कळलं की मीच चुकीचं सांगितलं. ‘कान दाखवायचाय’ म्हटलं की माणूस बाकावरच बसणार. मी सरळ उभी राहिले.

“ताई, काल संध्याकाळी उजवा कान चांगला होता. आज सकाळी उठल्यापासून त्यातून ऐकूच येत नाही. आवाज येतोय, थोडी चक्करही आहे. सर्दी नाही, मार नाही. हं म्हटलं तर चांगल्या कानात घुमतंय.”

ताईंचं पेन थांबलं. त्या उठून आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. “या. आधी तुम्ही या.”

डॉक्टरांनी दुर्बिणीने कान पाहिला. नळी स्वच्छ होती, पडदा चांगला होता. मळाचा कण नव्हता. मग त्यांनी लोखंडी चिमट्यासारखा काटा हातावर आपटून बाबांच्या कपाळावर टेकवला. बाबांनी डावीकडे बोट दाखवलं. शेजारच्या काचेच्या बंद खोलीत बाबांना हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून पाहत होते. डाव्या कानाच्या वेळी अंगठा हलत होता. उजव्याच्या वेळी बाबा कितीतरी वेळ नुसतेच समोर बघत राहिले. सकाळपासून हसण्यावारी नेणाऱ्या माझ्या बाबांचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला दिसला.

कागदावर दोन रेषा आल्या. निळी डाव्या कानाची, बारीक आवाजांपाशी जरा खचलेली. “ही लूमची देणगी,” डॉक्टर म्हणाले. लाल रेष मात्र सगळीच खाली कोसळलेली.

“नसेचा कान अचानक गेलाय. बऱ्याचदा कारण सापडत नाही. रक्तातली साखर तपासू आणि आजच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू. किती परत येईल, याचं वचन मी देत नाही. पण तुम्ही पहिल्याच दिवशी आलात.” मग त्यांनी विचारलं, “कुणी पाठवलं?”

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. “हिनं. नंबर देते ती दवाखान्यात.”

संध्याकाळी मॅडमचा फोन लागला. मागे लग्नाचा गलका होता. मी घाईघाईत सगळं सांगू लागले. त्यांनी मला मध्येच अडवलं.

“गोळी पोटात गेली का?”

“गेली. जेवल्यावर.”

“मग आता रड हवं तर.”

मी खरंच रडले.

पुढचे दिवस कठीण गेले. साखर मोजायची, गोळ्या ठरल्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या, लूमच्या आवाजात जायचं नाही. घरी बसून बाबा चिडचिडे झाले. चार दिवस काहीच बदल नव्हता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन देऊ. मी रोज सकाळी बाबांच्या उजव्या बाजूला उभी राहून डावा कान झाकायला लावायची आणि हळूच काहीतरी बोलायची. ते मान हलवायचे. नाही.

सहाव्या दिवशी तशीच उभी राहून मी हळूच म्हटलं, “चहा ठेवू?”

“साखर न्हाय घालायची, डॉक्टर बोललाय,” बाबा म्हणाले, आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आई चुलीपासून वळली, तिच्या हातात दुधाचं पातेलं तसंच होतं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, ते पुन्हा काचेच्या खोलीत बसले. या वेळी उजव्या कानालाही अंगठा हलत होता. आधी थांबून थांबून, मग पटापट. नव्या कागदावर लाल रेष उठून निळीच्या जवळ आली होती. काही बारीक आवाजांपाशी ती अजून खाली होती. डॉक्टरांनी तिथे पेन टेकवून सांगितलं, “एवढं कदाचित राहील. बाकी आलं परत. आणि आता लूमवर कानाला कव्हर लावल्याशिवाय जायचं नाही. सुताचा बोळा नाही, खरं कव्हर.”

बाबांनी तो कागद घडी न घालता हातात धरून रिक्षातून आणला. शेलारला उतरल्यावर ते घरी आलेच नाहीत. कारखान्याच्या दाराशी शिफ्ट सुटत होती, तिथे उभे राहिले. मुकादमचाचांसह सात-आठ जण जमले. बाबा लाल रेषेवर बोट ठेवून सगळ्यांना सांगत होते, “दोन्ही कान हळूहळू गेले तर लूमचे. एकच गेला आणि एका दिवसात गेला, तर थांबायचं न्हाय. माझ्या पोरीनं वळखलं.”

“डॉक्टरीण बनव रे हिला,” कुणीतरी म्हणालं.

“बी.ए. करतेय ती,” बाबा म्हणाले, “तेच करू दे. वळखायला तेवढं पुरतं.”

मी थोडी मागे उभी होते. एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी नाही घातली.