गारपिटीनंतरची कात्री

दिंडोरीत आमच्या शाळेसमोर एका ढेरपोट्या गृहस्थांचं द्राक्षांच्या औषधांचं दुकान आहे. घड कमी आले म्हणून कुणी रडत आलं, की ते चष्मा कपाळावर चढवून फौजदारासारखं विचारतात, "एप्रिलच्या छाटणीनंतर पाणी किती दिलं?" घड काडीत, म्हणजे वेलीच्या फांदीत, तेव्हाच ठरतो, दिसतो मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. "केलं तुमी, अन् शिव्या नशिबाला?" हा न्याय त्यांच्या स्वतःच्या पोटालाही लागू आहे. "हे नशिबानं नाय आलं, गुरुजी. वडे मीच खाल्ले."

परवा गारा पडल्या. रस्त्यापलीकडच्या एका काकूंची द्राक्षबाग झोडपली गेली, अलीकडे मात्र पानही फाटलं नाही. दुकानात बसून मी सुस्कारा टाकला, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार बाईंचं."

"तुमी होता का तिथं, बघायला?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मी पाणी विचारतो, कारण पुढच्या साली ते सुधारता येतं. गारांचं बाईनं काय सुधारायचं?"

"मग नशीबच म्हणायचं."

"अन् बसून राहायचं? फुटलेले मणी आज काढले नाय तर सगळा घड सडंल. ते कर्म मात्र आपलं. बघत बसलेल्यांचं."

त्यांनी शटर ओढलं, माझ्या हातात कात्री दिली आणि मला काकूंच्या बागेत नेलं. मांडवाखाली वर बघून मणी काढता काढता संध्याकाळी माझी मान धरली. मी कण्हलो.

शेजारच्या ओळीतून आवाज आला, "मागच्या जन्मीचं असंल काहीतरी, गुरुजी."