खिडकीजवळची खाट

वॉर्डातील ज्येष्ठ परिचारिकेने बावीस वर्षांत एकही चूक झाकली नव्हती. त्या सकाळी दोन रुग्णांनी खिडकीसाठी खाटा बदलल्या होत्या. धाकट्या सहकारिणीने मनगटावरची नावाची पट्टी न वाचता खाटेच्या क्रमांकावरून एका आजोबांना दुसऱ्याची रक्तदाबाची गोळी दिली. डॉक्टरांना तत्काळ कळवले गेले; दुपारपर्यंत वारंवार मोजलेला रक्तदाब स्थिर राहिला. मग ज्येष्ठ परिचारिकेने पर्यवेक्षिकेला पाठवायचा या चुकीचा मेल लिहून सहकारिणीसमोर ठेवला.

“ताई, आजोबा ठणठणीत आहेत. मेल गेला तर माझी नोकरी पक्की व्हायची नाही हो!”

“खाटा बदलू दिल्या मीच. फळ्यावर नोंद करायला विसरलेही मीच. तेही लिहिलंय. रडू नकोस, वाच आणि वेळा तपास.”

पर्यवेक्षिकेचे उत्तर तासाभरात आले: “नोकरीची काळजी नको. उद्या दोघींनी मिळून वॉर्डाला पट्टी वाचायला शिकवा.”