तक्त्यात नसलेला विद्यार्थी

सत्तरच्या दशकात मी नाशिकहून बसने ओझरला जायची, विमान कारखान्यातल्या कामगारांना रशियन शिकवायला. शिफ्ट सुटल्यावर रोज दोन तास, सहा महिने. म्हणजे धरून चाला, तीनशे तास. शेवटी मी ज्यांची शिफारस करीन त्यांनाच रशियात प्रशिक्षणाला पाठवणार होते.

माझ्याकडे पुण्याहून आणलेला एक तक्ता होता. कुठली भाषा सफाईने बोलता यायला वर्गातले किती तास लागतात, त्याचा. फ्रेंचला सहा-सातशे, रशियनला हजाराच्या वर. मी मनाशी म्हटलं, इंग्रजी शाळेतली पोरं पुस्तकं वाचून उरलेली कसर भरून काढतील. पण वर्गात बागलाणचे एक इंजिन फिटर होते, त्यांचं काय? चाळिशी उलटलेली, इंग्रजी यथातथाच, आणि आमचं पाठ्यपुस्तक इंग्रजीतून! पहिल्याच महिन्यात मी कारखान्यातल्या साहेबांना लिहून दिलं, यांना जमणार नाही. आगाऊपणा बघा माझा, त्या फिटरनाही तो तक्ता दाखवला.

चष्मा लावून त्यांनी तो नीट वाचला. "बाई, हे तास कोनाचे मोजलेत?"

"इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, त्यांचे."

"मंग मी त्यात कुठं हाय? माझे मोजा ना."

अस्सा राग आला मला! रागातच घरी तक्ता पुन्हा उघडला, तर हिंदीसुद्धा फ्रेंचपेक्षा कितीतरी अवघड ठरवलेली. आणि हे गृहस्थ घरी अहिराणी, शाळेत मराठी, मशीनवर हिंदी बोलणारे. हिंदीसाठी कोणत्या वर्गात बसले होते ते?

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना मराठीतून शिकवायला लागले. घर, घराला, घरात, तसंच रशियनमध्येही शब्दाचं शेपूट बदलतं, असं सांगितल्यावर इंग्रजीवाल्या पोरांनी कपाळाला हात लावला. हे म्हणाले, "त्यात काय नवं?" मात्र जाण्याच्या क्रियापदांवर अडले. आत्ता निघालोय ते जाणं वेगळं, रोजचं जाणं वेगळं. "लय छळतात ओ ही," म्हणत आठवडाभर धुसफुसत राहिले.

पाचव्या महिन्यात मी इंजिनाच्या रशियन पुस्तकातलं एक पान त्यांच्यापुढे ठेवलं. बोट फिरवत, अडखळत त्यांनी सगळं मराठीत सांगितलं. काही शब्द शिकलेले होते, बाकीचं इंजिनांवर वीस वर्षं फिरलेल्या हातांना ठाऊक होतं. तक्त्यातले हजार तास सगळ्या विषयांवर बोलण्यासाठी होते. यांना हे पान वाचायचं होतं. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

तडक साहेबांकडे गेले. "यादी टाइप झालीय," ते म्हणाले, "आणि त्यांना जमणार नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत."

"मग आता दुसरं लिहून देते." तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, माझा अंदाज चुकला. साहेबांनी कागद बाजूला सारला. मी म्हटलं, "यांना मागे ठेवणार असाल, तर उद्यापासून मलाही बोलवू नका."

दोन दिवसांनी बोर्डावर यादी लागली. टाइप केलेल्या नावांच्या खाली, शाईने हाताने लिहिलेलं त्यांचं नाव. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मोजलेत की बाई माझे तास."